‘थेट सिद्धता’: थेट म्हणजे कशाच्या उलट?

प्राध्यापक, सोलापूर
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीची मेल तिला विचारून इथे देतोय:

“सर, नमस्कार. डिटरमिनंट 1 असलेले 2×2 मॅट्रिक्स हा GL₂(ℝ) चा नॉर्मल सबग्रुप आहे, हे मी थेट सिद्धतेने दाखवलं, पानभर झालं. मैत्रिणीने होमोमॉर्फिझम घेऊन तीन ओळींत संपवलं. कधी कोणती रीत घ्यायची, ते कसं ओळखायचं?”

मी ‘थेट’पाशीच अडलोय. मैत्रिणीची सिद्धताही थेटच नाही का?

शाळाशिक्षिका, जुळे सोलापूर
थेटच्या उलट अप्रत्यक्ष. √2 अपरिमेय आहे हे आम्ही नववीत तसंच शिकवतो, उलट मानायचं आणि विसंगती दाखवायची.

प्राध्यापक
बाई, इथे दोघींनीही उलट काही मानलेलं नाही.

एम.एस्सी.चा विद्यार्थी
होमोमॉर्फिझमला ‘समरूपता’ म्हणा. आणि नेहमी तीच रीत घ्यावी. प्रत्येक नॉर्मल सबग्रुप कुठल्या तरी होमोमॉर्फिझमचा कर्नल असतोच.

निवृत्त प्राध्यापिका
असतो, पण तो होमोमॉर्फिझम क्वोशंट ग्रुपवर जातो, आणि क्वोशंट ग्रुप नॉर्मल असल्याशिवाय बनतच नाही. जे सिद्ध करायचं तेच आधी धरल्यासारखं होईल. नकाशा बाहेरून मिळायला हवा, इथे डिटरमिनंट मिळतो तसा.

त्या मुलीने आपलं पान पुन्हा वाचावं. गुणाकार, व्यस्त आणि gAg⁻¹, तिन्ही ठिकाणी तिने det(AB) = det A · det B हेच वापरलं असणार. एकच सूत्र असं परत परत आलं की होमोमॉर्फिझम समोरच आहे. मैत्रिणीने ते एकदाच म्हटलं, एवढाच फरक.

पण नुसती अट बघून फसू नये. ट्रेस 2 असलेले मॅट्रिक्स घ्या. एकक मॅट्रिक्सचा ट्रेसही 2, म्हणून कर्नलसारखं दिसतं. [[1,1],[0,1]] आणि [[1,0],[1,1]] यांचा गुणाकार [[2,1],[1,1]], ट्रेस 3. सबग्रुपसुद्धा नाही! ट्रेस बेरीज जपतो, गुणाकार जपत नाही. नकाशा क्रिया जपतो का, हे न तपासताच मुलं ‘कर्नल’ लिहून मोकळी होतात. आणि नकाशा सुचत नसेल, तर gAg⁻¹ सरळ तपासावं. वरच्या-त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये तिथेच कळतं की ते नॉर्मल नाहीत, मग नकाशा शोधणंच व्यर्थ.

‘समरूपता’ मात्र नको. समरूप त्रिकोणांत आकार तोच राहतो. इथे एकाच डिटरमिनंटचे असंख्य मॅट्रिक्स एका संख्येवर येऊन पडतात.

प्राध्यापक
मग तिच्या रीतीला ‘व्याख्येवरून’ आणि दुसरीला ‘कर्नलवरून’ म्हणतो. ‘थेट’ शाळेसाठी राहू दे. कर्नलला ‘गाभा’ चालेल?

शाळाशिक्षिका
गाभा म्हणजे सर्वांत महत्त्वाचा भाग ना?

निवृत्त प्राध्यापिका
हो, आणि इथे तर तो एककावर जाऊन मिटणारा भाग. मला अजून शब्द सापडलेला नाही.