फोनवर खोटा रेफरन्स देणाऱ्याला कायद्याने पाठीशी घालावं का?

चाकण_स्टोअर्स
मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. मार्चमध्ये राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला. नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, ते जॉइनिंगच्या आधी मागे घेतलं. तिथल्या एचआर मॅडम तोंडी म्हणाल्या, "तुमच्या जुन्या मॅनेजरने सांगितलं की बेअरिंगचा माल तुम्ही बाहेर काढला." नंतर कळलं की त्याने परिसरातल्या एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच टाकलंय. त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. एक वकील म्हणाले, रेफरन्सला विशेषाधिकार असतो, बदनामीची केस टिकणार नाही. असं संरक्षण असावंच का? माझं मत, अजिबात नसावं.

एचआर_पिंपरी
वकिलांचं बरोबर आहे. रेफरन्स चेक गोपनीय असतो आणि तुम्ही स्वतः फॉर्मवर सही करून त्याला संमती दिलेली असते. त्यामुळे आम्ही काय सांगितलं यावर खटला होत नाही. हे संरक्षण काढलं तर आम्ही फक्त तारखा आणि पद सांगू. बऱ्याच मोठ्या कंपन्या तेच करतात. मग चांगल्या माणसाबद्दलही दोन चांगले शब्द कोणी सांगणार नाही.

दिवाणी_वकील_पुणे
"खटला होत नाही" हे खरं नाही. संमती असते ती चौकशीला, खोट्याला नाही. खटला होतो, फक्त मॅनेजरला बचाव मिळतो आणि त्या बचावाला अट असते.

फोन आणि ग्रुप या दोन गोष्टी वेगळ्या धरा. नव्या कंपनीने विचारलं, तिला उमेदवाराविषयी जाणून घ्यायचा हक्क होता आणि जुन्या मॅनेजरचं सांगणं त्याच कारणापुरतं होतं. म्हणून फोनवरच्या बोलण्याला मर्यादित विशेषाधिकार मिळू शकतो. तो मोडायचा असेल तर दिवाणी दाव्यात दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणजे मॅनेजरचा स्वतःचाच त्या आरोपावर विश्वास नव्हता किंवा जुना राग काढायला तो बोलला. निष्काळजीपणे, पण मनापासून खरं मानून बोलला असेल, तर एवढ्याने विशेषाधिकार जात नाही. तुमचे वकील बहुधा याच अडचणीविषयी बोलले असावेत.

पण ग्रुपवरच्या बाकीच्यांनी तुमच्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. ज्यांना ते कळण्याचं कारण नाही त्यांच्यापुढे आरोप मांडला की विशेषाधिकाराची हद्द ओलांडली जाते. माझ्या मते तुमची जास्त भक्कम बाजू तिथे आहे.

वर्कशॉप_भोसरी
मला हे पटत नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं आहेत. एकाने भंगाराच्या नावाखाली ब्रासचे पार्ट विकले. पोलिसांत गेलो नाही, कारण त्याची मुलं लहान होती. शेजारच्या मालकाने विचारल्यावर मी गप्प बसायचं? उद्या त्याचंही नुकसान झालं तर तो मलाच विचारेल. आणि पुरावा कुठून आणू? माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दिवाणी_वकील_पुणे
तुम्ही बघितलंय, हाच तुमचा बचाव आहे. फौजदारीतही सोय आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 499 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356 आहे. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हित जपण्यासाठी सद्भावाने केलेलं विधान त्याच्या नवव्या अपवादात बसतं.

पण "सद्भाव" म्हणजे नुसतं मनापासून वाटणं नाही, योग्य ती काळजी आणि दक्षता घेतलेली असावी लागते. शिवाय अपवादात बसतो हे आरोपीनेच दाखवायचं असतं. आपण काय पाहिलं, कधी पाहिलं, कोणाकडे खात्री केली, हे त्याला सांगता आलं पाहिजे. सांगोवांगी ऐकून "चोरी केली" म्हणणाऱ्याला इथे अडचण येते. म्हणून न तपासता बोलणारा दिवाणीत सुटू शकतो आणि फौजदारीत अडकू शकतो.

इंग्लंडमध्ये ही फट हाउस ऑफ लॉर्ड्सने 1994 मध्ये स्प्रिंगविरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या खटल्यात बुजवली. विमा विकणाऱ्या एका माणसाबद्दल जुन्या कंपनीने तो प्रामाणिक नसल्याचा रेफरन्स दिला आणि नव्या कंपनीने त्याला घेतलं नाही. दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही, पण रेफरन्स देताना पुरेशी काळजी घेण्याचं कर्तव्य कंपनीवर आहे, असं बहुमताने ठरलं. आपल्याकडे त्याचा आधार घेऊन युक्तिवाद करता येतो, पण तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.

सातारकर
माझी केस ऐका. जुन्या कंपनीने दोन महिन्यांचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर दाबून ठेवलंय. मीही बदनामीची नोटीस पाठवू का?

दिवाणी_वकील_पुणे
नाही. त्यांनी तिसऱ्या कोणाला तुमच्याबद्दल काही सांगितलेलं नाही. पगार अडवणं हा थकीत वेतनाचा वेगळा विषय आहे, आधी कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

चाकणवाले, तुमचा फुल अँड फायनल झाला का? त्यात मालाच्या नावाने काही कापलंय का? अनुभवपत्रात काय लिहिलंय?

चाकण_स्टोअर्स
पूर्ण रक्कम मिळाली, काही कापलं नाही. अनुभवपत्रात "वर्तणूक समाधानकारक" आहे. त्यावर सही त्याच मॅनेजरची आहे. कारणे दाखवा नोटीस कधी आली नाही. मी गेल्यावर स्टॉक मोजला, तेव्हा थोडा फरक आला एवढं ऐकलंय. पण तेव्हा किल्ल्या माझ्याकडे नव्हत्या.

दिवाणी_वकील_पुणे
हीच कागदं महत्त्वाची. चोरीवर खरंच विश्वास असता तर चौकशी न करता पूर्ण पैसे देऊन त्यांनी "समाधानकारक" लिहून दिलं असतं का? हेतू माणसाच्या मनात असतो, तो अशाच विसंगतीतून दाखवावा लागतो. "स्टॉक जुळला नाही" असं तो म्हणाला असता तर त्याला बरीच जागा होती. "माल बाहेर काढला" हा तुमच्यावरचा थेट आरोप आहे आणि तो खरा असल्याचं दाखवणं त्याच्या अंगावर येतं.

खरी अडचण साक्षीदाराची आहे. एचआर मॅडम तोंडी बोलल्या, कोर्टात बोलतील का? ऑफर मागे घेण्याचं कारण त्यांच्याकडून ईमेलवर मागा. स्क्रीनशॉट ज्याने पाठवला त्याला मूळ संदेश पुसू नका म्हणावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल आणि फोन त्याचा असल्यामुळे त्याच्या मदतीशिवाय ते अवघड आहे. नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्ष. फोन आणि ग्रुपवरचा संदेश यांचं वर्ष वेगवेगळं मोजलं जातं. दोन्ही तारखा आजच लिहून ठेवा.

वर्कशॉप_भोसरी
मग त्याने सरळ पोलिसांत का जाऊ नये?

दिवाणी_वकील_पुणे
गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस एनसी लिहून कोर्टात जायला सांगतील. ज्याची बदनामी झाली त्यानेच मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करायची आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. वेळ जातो. मी आधी मॅनेजर आणि कंपनी दोघांना नोटीस पाठवून ग्रुपवर लेखी खुलासा मागेन.

एचआर_पिंपरी
ग्रुपबद्दल मी अजून सहमत नाही. त्यावर सगळे भरतीचंच काम करणारे आहेत. उद्या तो त्यांच्यापैकी कोणाकडेही अर्ज करू शकतो, म्हणजे सगळ्यांचं समान हित नाही का?

दिवाणी_वकील_पुणे
त्यांचे वकील नेमकं हेच म्हणतील आणि समान हिताचा मुद्दा अगदी पोकळ नाही. पण "उद्या कदाचित अर्ज करेल" एवढ्यावर संरक्षण दिलं, तर एका फोनने गेलेली नोकरी एका संदेशाने अख्ख्या पट्ट्यातून जाईल. कोर्ट कुठे रेघ ओढेल हे ग्रुपमध्ये कोण होते आणि संदेश कशासाठी टाकला यावर ठरेल.

चाकण_स्टोअर्स
ईमेल आज पाठवला. ग्रुपमधला मित्र प्रमाणपत्रावर सही करायला कचरतोय, त्याचीही नोकरी तिथेच आहे. त्याच्याशिवाय काही मार्ग आहे का?

दिवाणी_वकील_पुणे
आहे. दाव्यात मॅनेजरने स्वतःचा फोन आणि संदेश हजर करावेत असा अर्ज करता येतो. तो "पुसले" म्हणाला तर कधी पुसले हा प्रश्न येतोच, म्हणून नोटिशीतच संदेश जपून ठेवायला सांगा. मित्राला आत्ता ओढू नका.