मदत हवी आहे: टँकला आणि समुद्राला एकच कॉस्च्यूम चालेल का? आणि रॅशगार्ड नक्की कुठे घालायचा?

पाणकोंबडी_ठाणे

नमस्कार मंडळी. आठवड्यातले पाच दिवस सकाळी दीडेक तास टँकवर असते. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे यंदा जरा मोठ्या अंतराला नाव द्यायचं ठरवलंय. म्हणून अधूनमधून रविवारी समुद्रातही उतरते.

अडचणी दोन. पहिली, कॉस्च्यूम टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेला आता मागून लोंबायला लागलाय, पट्टे खांद्यावरून घसरतात आणि उजेडासमोर धरला की पलीकडची बोटं दिसतात. लेबलवर ८० टक्के नायलॉन, २० टक्के स्पॅन्डेक्स असं लिहिलंय. कंपनी नावाजलेली आहे, स्वस्तातला माल नाही.

दुसरी, समुद्रात त्याच कॉस्च्यूमवर बहिणीचा रॅशगार्ड घातला होता, पूर्ण बाह्यांचा, मला एक माप मोठा. तासाभरात मानेला उजव्या बाजूने आणि दोन्ही काखांत असं काचलं, की घरी आंघोळीचं पाणी अंगावर घेताना ओरडले. बरं, न घालावा तर पाठ भाजून निघते.

एकाच खरेदीत दोन्हीकडचं भागेल असं काही आहे का? की दोन वेगळे घेऊ? आमच्या टँकवर रॅशगार्ड चालतो, फक्त सुती कपडा चालत नाही.

निवांत_नाना

ताई, जॅमर घ्या. गुडघ्यापर्यंतचा. मी कायम तोच वापरतो, मांड्यांना काचत नाही आणि वर काही घालायची भानगडच नाही.

पाणकोंबडी_ठाणे

नाना, वर काही घालायची भानगड मला आहे. :)

मिलिंद_डोंबिवली

क्लोरीन कुठलंही कापड खातंच, कितीही महाग घ्या. म्हणून मी स्वस्तातले तीन घेतो आणि आलटून पालटून वापरतो. घरी आल्यावर कडक उन्हात वाळत घालायचा, उन्हाने क्लोरीन उडून जातं. टँकवाले क्लोरीन टाकायचं काम संध्याकाळी करतात ते त्याचसाठी.

खारं_वारं

मिलिंदराव, तुमचं निम्मं बरोबर आहे. उघड्या टँकच्या पाण्यातलं क्लोरीन उन्हाने उडतं हे खरं. पण कापडावर तोच न्याय लावू नका. क्लोरीन आधी ज्या लवचिक धाग्याला मारतं, त्यालाच ऊनही मारतं. कापडातलं क्लोरीन काढायला साधं नळाचं पाणी पुरतं, मग सावलीत वाळवायचं. तीन आलटून पालटून वापरायची कल्पना मात्र चांगली आहे, प्रत्येकाला पुरतं वाळायला वेळ मिळतो.

आता मूळ प्रश्न. पाणकोंबडी, तुमच्या कॉस्च्यूमला काय झालंय ते लेबलवरच लिहिलंय. त्यातलं नायलॉन बऱ्यापैकी तग धरून असेल. मेलाय तो २० टक्के स्पॅन्डेक्स. कापड ताणलं की परत जागेवर आणणारा धागा तोच, आणि क्लोरीनने तो आतल्या आत तुटत जातो. खात्री करायची तर पायाच्या कडेचं कापड दोन्ही हातांनी ताणून सोडा. चटकन मिटलं नाही, लाट राहिली, किंवा आतल्या बाजूने बारीक पांढरे केस बाहेर आलेले दिसले, तर ते तुटलेले लवचिक धागेच. बसायच्या जागी आधी दिसतं, कारण टँकच्या खरबरीत काठावर आपण तिथेच घासतो.

टँकसाठी लेबलवर 'पॉलिस्टर' आणि 'पीबीटी' हे दोनच शब्द असलेला घ्या. साधारण ५३ टक्के पॉलिस्टर आणि ४७ टक्के पीबीटी असं प्रमाण बरेचदा दिसतं. पीबीटी हाही पॉलिस्टरचाच भाऊबंद, पण अंगचाच थोडा ताणला जातो, त्यामुळे स्पॅन्डेक्सची गरज पडत नाही. मरणारा धागाच नाही म्हटल्यावर कापड कित्येक पट जास्त चालतं. 'क्लोरीन रेझिस्टंट' एवढंच पुठ्ठ्यावर छापलेलं पाहून भुलू नका. काहींत सुधारित स्पॅन्डेक्स असतो, तो साध्यापेक्षा टिकतो, पण शेवटी जातोच.

पीबीटीवाल्याची खोड अशी की तो नायलॉनसारखा मऊ लागत नाही आणि फारसा ताणलाही जात नाही. दुकानात घालताना घाम फुटेल. धडाची लांबी बरोबर बसते का ते बघा. पट्टा खांद्यात रुतत असेल तर एक माप वर जा, कारण हे कापड पुढे सैल होऊन तुम्हाला सामावून घेणार नाही. नायलॉनचं उलट असतं, ते भिजल्यावर सुटतं, म्हणून ते कोरडं असताना घट्टच हवं.

सोनचाफा

मुलांचं विचारू का इथेच? माझा मुलगा आठ वर्षांचा, सोसायटीच्या टँकमध्ये पोहतो. त्याचा पांढरा रॅशगार्ड गळ्याजवळ नारिंगी-तांबूस पडलाय. टँकवाले म्हणतात क्लोरीनमुळे. धुऊन जात नाही.

खारं_वारं

सनस्क्रीन लावून लगेच घालत असाल तर बहुधा तेच. काही सनस्क्रीनमधला ॲव्होबेन्झोन पाण्यातल्या लोहाशी जमतो आणि गंजासारखा डाग पडतो. बोअरचं पाणी असेल तर हमखास. ब्लीच लावू नका, डाग उलट पक्का होतो. सनस्क्रीन लावल्यावर वीसेक मिनिटं थांबून मग कपडा चढवा.

पाणकोंबडी_ठाणे

म्हणजे टँकचं ठरलं. मग तोच पीबीटीवाला समुद्रात का नको? तिथे तर क्लोरीनच नाही.

खारं_वारं

घाला की, बिघडत काही नाही. पण समुद्रात कापड किती टिकतं हा प्रश्नच नसतो, अंगाला कुठे काचतं हा असतो. टँकमध्ये दर पंचवीस मीटरला तुम्ही वळता, भिंतीला लागता, काठ धरता. समुद्रात तासन् तास तोच हात, तीच मान, त्याच जागी. त्यात खारं पाणी कडेकडेने सुकत राहिलं की मिठाचे बारीक कण शिवणीत बसतात आणि कानशीसारखे घासतात. टँकमध्ये महिनोन् महिने न टोचलेला पट्टा तिथे पहिल्याच तासात रक्त काढतो. म्हणून समुद्रासाठी शिवण सपाट असलेला, पाठीवर मोकळा आणि किंचित मऊ असा घ्या. तिथे तुमचा नायलॉन-स्पॅन्डेक्ससुद्धा छान चालतो, फक्त नवा. मेलेला सैल कॉस्च्यूम समुद्रात सगळ्यात वाईट, कारण तो अंगावर सरकतो.

तुमचं मानेचं सांगतो. उजव्या बाजूनेच काचलं म्हणजे तुम्ही बहुतेक उजवीकडे श्वास घेता. प्रत्येक श्वासाला मान वळते आणि उभ्या कॉलरची कड तिथेच घासते. शिवाय समोरची खूण बघायला डोकं वर काढता तेव्हा मागची कड रुतते. काखेत मोठ्या मापाचा रॅशगार्ड चुण्या पडून गोळा होतो, आणि गळ्यातून पाणी भरून पाठीवर फुगतो तो वेगळाच. बोर्डवर उभं राहणाऱ्या सर्फरला त्याने फरक पडत नाही, पोहणाऱ्याला पडतो.

रेवदंडा_किनारा

मी रायगडातला, लहानपणापासून समुद्रात. आम्ही कधी हे रॅशगार्ड-बिशगार्ड घातले नाहीत. व्हॅसलीन फासायचं आणि उतरायचं. मानेला दोन्ही बाजूंनी, काखेत, पट्ट्यांच्या कडेखाली, मांड्यांच्या आत. फक्त गॉगल आधी लावायचा आणि मग व्हॅसलीनला हात घालायचा. काचेला लागलं तर पुढचं सगळं धुक्यात. लांब पल्ल्याला लॅनोलिन जास्त वेळ चिकटून राहतं, पण पोरं वासाला नाकं मुरडतात.

एक मात्र सांगतो, त्या डंख मारणाऱ्या ब्लू बॉटल किनाऱ्याला आलेल्या असल्या की मला पण बाह्या हव्याशा वाटतात. पावसाळ्यात मुंबईकडे जुहूला येतात तशा.

पाणकोंबडी_ठाणे

बाह्या हव्यात, उन्हासाठीही. मग रॅशगार्ड घ्यायचाच झाला तर कसा?

खारं_वारं

पोहण्यासाठी सुटा रॅशगार्ड मला स्वतःला आवडत नाही, तो पोटावरून वर चढतो. घेतलाच तर खाली आतून नाडी किंवा लूप असलेला घ्या, कॉस्च्यूमला बांधता येतो. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा एकसंध स्विमसूट बघा, चेन पाठीवर असलेला, कॉलर ठेंगणी. काखेत वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर हात वर नेताना शिवण ओढली जात नाही. माप अंगाला चिकटणारं, पण तटतटून नको. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, दोन टक्के, आत येतो. कापड फार ताणलं की वीण उघडते आणि तो आकडा खाली येतो. गडद रंग उन्हाला बरे, पण समुद्रात निळा-काळा दिसतच नाही, होडीवाल्याला तुम्ही सापडायला हव्यात. म्हणून टोपी भडक घाला, नारिंगी किंवा पोपटी, आणि कमरेला ओढता फुगा बांधा.

हा सूट टँकमध्ये रोज नेऊ नका. बाह्यांच्या कपड्यांत बहुधा स्पॅन्डेक्स असतो, त्याचीही तुमच्या जुन्यासारखीच गत होईल. टँकमध्ये एकदा मापापुरता घालून बघा, पण काचण्याची परीक्षा तिथे होत नाही. ती समुद्रातच, निदान तासभर, तेही स्पर्धेच्या बऱ्याच आधी.

मिलिंद_डोंबिवली

स्पर्धेत बाह्या चालतात का पण? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

खारं_वारं

वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या खुल्या पाण्याच्या नियमांत सूट खांद्याच्या पुढे आणि मानेवर जाऊ शकत नाही, म्हणजे बाह्या बाद. पण स्थानिक स्पर्धांत आयोजक हौशी गटांना सवलत देतात असंही पाहिलंय. माहितीपत्रक वाचा, नाहीतर सरळ फोन करून विचारा. नाही म्हणाले तर सराव बाह्यांत आणि स्पर्धा उघड्या हातांनी असं होईल. तेव्हा दोन-तीन सराव बिनबाह्यांचेही करा, काचण्याच्या जागा वेगळ्या निघतात.

रेवदंडा_किनारा

चेन पाठीवर म्हणालात, पण मला चेनचं टोकच मणक्यावर टोचतं. समोरची चेन बरी.

खारं_वारं

समोरची मला हनुवटीला लागते. ज्याची त्याची मान.

पाणकोंबडी_ठाणे

बरं. टँकला पीबीटी मागवते, समुद्राला पाठीवर चेन असलेला पूर्ण बाह्यांचा. आयोजकांना उद्या फोन करते. एक राहिलं, धुवायचं कसं? मी आत्तापर्यंत टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकायचे आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मशीनमध्ये.

खारं_वारं

पिशवीतला तो दिवस कॉस्च्यूमला टँकपेक्षा महाग पडतो. टँकमध्ये उतरायच्या आधी शॉवरखाली कॉस्च्यूमसकट भिजा, कापड साध्या पाण्याने भरलं की टँकचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्यावर तिथेच अंगावर असताना खळखळून धुवा, पिळू नका, टॉवेलात दाबा. ऑफिसला जायचं असेल तर जाळीच्या पिशवीत मोकळा ठेवा. घरी थंड पाणी आणि थोडा सौम्य लिक्विड साबण, मशीन आणि गरम पाणी नको. समुद्रावरून आल्यावर उलटा करून गोड्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा. अस्तराच्या आत, खाली, मूठभर वाळू निघेल.

सोनचाफा

बोअरचंच पाणी आहे आमच्याकडे, आत्ता वॉचमनला विचारलं. मग डाग जायचा कसा?