न वापरलेल्या स्टेटसमोर X लिहायचा की 000?

अनिकेत, वडाळा: सरांच्या फळ्याचा फोटो काढलाय. त्यात 000→100→110→111→011→001→000 असे बाण आहेत. D फ्लिप-फ्लॉपने काउंटर करायचाय. 010 आणि 101 फोटोत नाहीतच. त्यांच्यासमोर X लिहू? मित्र म्हणतो, 000 लिही.

माधवी, ठाणे: X लिही, पण तिथे थांबू नकोस. आधी फोटोत डावीकडचा बिट Q2 आहे ना, ते बघ. D मध्ये पुढची स्टेट हेच इनपुट, त्यामुळे एक्सायटेशन टेबलमध्ये ती तशीच उतरव. D2 च्या रकान्यात 000, 100, 110 समोर 1 येतो, आणि तिन्ही ओळींत Q0 शून्य आहे. उरलेल्या तिन्हींत Q0 एक. म्हणजे D2 = Q0'. तसंच D1 = Q2 आणि D0 = Q1. आता यात 010 घालून बघ: पुढची स्टेट 101. तिथून परत 010. काउंटर या दोघांतच फिरत राहील.

रोहन, डोंबिवली: म्हणून JK घ्यावा. त्यात X जास्त मिळतात, समीकरणं लहान होतात आणि ही भानगड राहत नाही.

माधवी: X जास्त मिळतात हे खरं. पण इथे J0 = Q1, K0 = Q1' येतं, बाकी दोघांचंही तसंच. 010 मध्ये J0 एक, K0 शून्य, म्हणजे Q0 एक होणार. पुन्हा 101च.

सचिन, ग्रँट रोड: माझ्याकडे 7474 वर हाच काउंटर जोडलेला आहे. सप्लाय दिला की कधीकधी मधला LED आणि कडेचे दोन आळीपाळीने लागत राहायचे. लॅमिंग्टन रोडवरून रेझिस्टर-कपॅसिटर आणून क्लिअर पिनवर रिसेट लावला, तेव्हापासून एकदाही अडकलेला नाही. समीकरणं कशाला वाढवायची?

माधवी: सचिनदादा, तो रिसेट सप्लाय देतानाच लागतो. चालू असताना नॉइजने एक बिट उलटला, म्हणजे 000 चं 010 झालं, तर तुमचा रिसेट जागा होणार नाही. D0 = Q1(Q2 + Q0) केलं की 010 नंतर 100 येतं, आणि 101 सुद्धा 010 वरून 100 ला पोचतं. एक OR, एक AND, बस्स. अनिकेत, मित्राचं ऐकून दोन्हींसमोर 000 लिहिलंस तर काउंटर अडकणार नाही, पण तिन्ही समीकरणं वाढतील.

सचिन: घरच्या टेबलावर रिसेट पुरतो, असं माझं मत अजूनही आहे. मोटरजवळ बसवायचा असेल तर तुमचं बरोबर.

रोहन: पण पेपरात D0 = Q1 ऐवजी हे लांबडं लिहिलं तर मिनिमाइझ केलं नाही म्हणून मार्क कापतील ना?

माधवी: तपासणाऱ्यावर आहे. मी दोन्ही लिहीन, आणि खाली 010 पासून निघणारे बाणही काढून दाखवीन.