मदत हवी आहे: थायरॉइडची गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने? आईचा टीएसएच ११ वर गेलाय

जुळेसोलापूर_७
आईचं वय ५८. थायरॉइडची ७५ ची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. ऑक्टोबरात टीएसएच ३.१ होता, परवाच्या रिपोर्टमध्ये ११.४ आलाय. डॉक्टरांनी १०० लिहून दिलीय, अजून आणलेली नाही.

तिचं सकाळचं असं असतं: साडेसहाला गोळी, दहा मिनिटांत दुधाचा चहा, आठला शेंगाचटणी-भाकरी. गुडघे दुखतात म्हणून डिसेंबरपासून ५०० ची कॅल्शियमची गोळी नाश्त्यानंतर लगेच घेते. पित्ताची पॅन्टोप्राझोल तेव्हापासूनच थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच घोटात. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी पहाटे उठून भांडी भरते, मग चहा आधी होतो आणि गोळी मागून.

बाटलीवर फक्त "उपाशीपोटी" लिहिलंय. उपाशीपोटी का आणि नेमकं किती वेळ, कुणी सांगेल का?

अशोकचौक
पोटातल्या ॲसिडने ही गोळी जळून जाते म्हणून उपाशीपोटी घ्यायची. जेवलं की ॲसिड सुटतं ना. आणि वेळ किती हे महत्त्वाचं नाही, रोज सारखं असलं म्हणजे झालं. चहाबरोबर घेत असाल तर रोज चहाबरोबरच घ्या.

होटगीरोड_फार्मासिस्ट
अशोकचौक, "रोज सारखं" हे तुमचं बरोबर आहे, त्यावर पुढे येतो. ॲसिडचं मात्र उलटं आहे. गोळी नीट विरघळायला पोटात ॲसिड लागतं. विरघळलेलं औषध पुढे लहान आतड्यात शोषलं जातं. पोट रिकामं असेल तर साधारण ६० ते ८० टक्के रक्तात जातं, अन्न असेल तर त्याहून कमी, आणि किती कमी ते रोज वेगळं.

दुसरी गोष्ट चिकटण्याची. कॅल्शियम आणि लोह हे औषध आतड्यातच धरून ठेवतात, मग ते शौचावाटे निघून जातं. आकार बघा: थायरॉइडच्या गोळीत ७५ मायक्रोग्रॅम औषध आहे आणि कॅल्शियमची गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे साडेसहा हजार पटींहून जास्त. दुधातही कॅल्शियम असतंच. काळ्या कॉफीनेही शोषण कमी होतं, त्यामुळे "दूध नाही, नुसती कॉफी" ही पळवाट चालत नाही.

वेळ: साध्या पाण्याबरोबर गोळी, नंतर चहा-नाश्त्याला एक तास. अर्धा तास ही अगदी खालची मर्यादा समजा. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या व पातळ औषधं यांना चार तास.

जुळेसोलापूर, एक सांगा. ऑक्टोबरात ३.१ आला तेव्हाही दहा मिनिटांत चहा होत होता का?

विजापूरवेस
माझ्या माहितीप्रमाणे थायरॉइडच्या रक्तासाठी उपाशी राहावं लागत नाही. उगाच आईंना उपाशी ठेवू नका.

होटगीरोड_फार्मासिस्ट
विजापूरवेस, टीएसएचसाठी उपास लागत नाही हे खरं. इथं प्रश्न गोळीचा आहे. पण विषय निघालाच आहे तर: तपासणीच्या सकाळी रक्त आधी द्यावं आणि गोळी नंतर घ्यावी. गोळीनंतर काही तास फ्री टी-४ थोडा चढा दिसतो.

जुळेसोलापूर_७
हो, चहाची सवय पहिल्यापासूनच. पाण्याच्या दिवसाची गडबडही तीच.

होटगीरोड_फार्मासिस्ट
मग बघा. चहामुळे जे वाया जात होतं ते ७५ च्या हिशेबात आधीच धरलं गेलं होतं. तेवढं जाऊनही उरलेलं पुरत होतं, म्हणून ३.१. इथं अशोकचौक यांचा मुद्दा लागू पडतो. औषध कमी पडलं की टीएसएच चढतो, मग आता नवीन काय आलं? डिसेंबरपासूनचं कॅल्शियम, तेही गोळीनंतर दीड तासात, आणि पॅन्टोप्राझोल. माझा संशय आधी कॅल्शियमवर आहे.

आता खरी काळजीची जागा. उद्यापासून कॅल्शियम बाजूला केलं, चहा तासाभराने केला आणि डोसही १०० केला, तर तिन्हींचा परिणाम एकदम वाढेल. आज कमी पडतंय ते दोन महिन्यांत जास्त होईल. ५८ व्या वर्षी जास्त डोस म्हणजे छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि बराच काळ राहिला तर हाडं ठिसूळ. हाडांसाठीच तर कॅल्शियम चालू आहे.

१०० घ्यायची की नाही हे मी ठरवणार नाही. डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा: "डिसेंबरपासून कॅल्शियम गोळीच्या दीड तासानंतर घेतेय, पॅन्टोप्राझोल सोबतच चालू आहे, आणि चहा दहा मिनिटांत होतो. आधी वेळ सुधारून पुन्हा तपासायचं का, की डोसही वाढवायचा?" त्यांच्यापुढे बहुधा फक्त ११.४ चा आकडा आला असेल. खूप थकवा, सूज असं काही असेल किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर तेही सांगा, निर्णय त्यावर फिरतो.

पुन्हा तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. हे औषध निम्मं उतरायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे नवीन पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांत रक्त दिलं तर आकडा फसवेल.

बाळे_लूम
माझी लूमवर रात्रपाळी. सकाळी आठला घरी, जेवून झोप, दुपारी तीनला उठतो. मग सकाळची गोळी कधी घ्यायची? मी जेवण झाल्याझाल्या घेतोय.

होटगीरोड_फार्मासिस्ट
दादा, घड्याळातली सकाळ लागत नाही, रिकामं पोट लागतं. तीनला उठल्याबरोबर घ्या आणि चारपर्यंत पाण्याशिवाय काही नको. सुट्टीच्या दिवशीही शक्यतो असंच. पण तुम्हीही डॉक्टरांच्या कानावर घाला. सध्याचा डोस जेवणानंतरच्या सवयीवर बसलेला असेल, तर वेळ बदलल्यावर तुमचीही तपासणी लागेल.

जुळेसोलापूर_७
आईला पहाटेचा चहा तासभर लांबवणं अवघड आहे. रात्री चालेल का?

होटगीरोड_फार्मासिस्ट
चालतं, पण शेवटच्या घासानंतर तीन तास हवेत. आठला जेवल्या तर अकरा. मधे दूध नको आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर नको. दहालाच झोपत असतील तर हा मार्ग सोडा.

त्यापेक्षा गोळी उशाशी ठेवा, पाण्याचा तांब्या झाकून शेजारी. पाण्याच्या दिवशी पहाटे पाचला उठल्या की अंथरुणातच गोळी, मग नळ. भांडी भरून होईपर्यंत तास निघून जातो. कॅल्शियम दुपारी एकच्या जेवणानंतर द्या. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट अन्नाबरोबर चांगलं लागू पडतं. आणि बाटली गॅसच्या वरच्या फळीवर असेल तर हलवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथली उष्णता आणि वाफ गोळीला बाधते. झाकण घट्ट, हात कोरडा.

अशोकचौक
ॲसिडचं माझं चुकलं. मग पित्ताची गोळी दुपारी घेतली की झालं ना?

होटगीरोड_फार्मासिस्ट
तेवढ्याने फारसं साधत नाही. पॅन्टोप्राझोल ॲसिड दिवसभर कमी ठेवते, त्यामुळे वेळ हलवली तरी थायरॉइडची गोळी कमीच विरघळणार. ती लागतेच का, की कॅल्शियमबरोबर सहज लिहिली गेली, हे डॉक्टरांनाच विचारावं लागेल. लागत असेल तर डोस तिला धरून बसवतात. मनाने बंद मात्र करू नका.

जुळेसोलापूर_७
कॅल्शियम आजपासून दुपारी केलं. डॉक्टर गुरुवारी बसतात. तोपर्यंत ७५ च चालू ठेवतोय. पॅन्टोप्राझोलचं ते काय म्हणतात ते इथंच लिहीन.