मदत हवी आहे: वादकांच्या मुलाखतींचं कोडिंग अडकलंय, थीम्स म्हणजे माझेच प्रश्न झालेत

सायली_सोलापूर
नमस्कार मंडळी. एमएच्या प्रबंधासाठी सोलापुरातल्या वाजवून पोट भरणाऱ्या कलाकारांच्या मुलाखती घेतल्यात, विषय "व्यावसायिक वादक सराव कसा करतात". एकूण नऊ जण आहेत, लग्नाच्या बँडमधले, सनईवाले, तबल्याची साथ करणारे, एक ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. सगळं टाइप करून झालं, एक्सेलमध्ये एका ओळीत एक उतारा आणि शेजारी कोड असं केलंय आणि कोड झालेत १६०. ते जुळवून थीम्स काढल्या तर "रियाजाची वेळ", "रियाजाच्या अडचणी", "गुरूचं महत्त्व" एवढंच निघालं. म्हणजे मी जे विचारलं तेच परत आलं की. गाइड म्हणतात यात शोध काय आहे, आणि वर म्हणतात कप्पा, म्हणजे दोघांनी केलेलं कोडिंग किती जुळतं तो आकडा, काढून दाखव. उदाहरण म्हणून बँडच्या क्लॅरिनेटवाल्या काकांचं देते:

"रियाज रोज पहाटे करायलाच पाहिजे, त्याशिवाय वाद्य हातात घेऊ नये. पण सीझनला टाइमच घावत नाही ओ. मागच्या सुपारीला नवऱ्या मुलाच्या मित्रांनी नवीन गाणं मागितलं, मग गाडीत मोबाइलवर चार-पाच वेळा ऐकलं, बोटं मांडीवर चालवली. वर जाताना एका जागी अडकत होतं, तेवढंच उतरल्यावर दोनदा फुंकून बघितलं आणि उभं राहिलो."

याला मी कोड दिलाय "रियाजाचा अभाव – वेळ नाही". बरोबर आहे का?

आकडेमोड_नितीन
कप्पा तर लागतोच, नाहीतर तुमचं कोडिंग मनाचं आहे असं कोणीही म्हणेल. मैत्रिणीला बसवा, तेच उतारे तिला कोड करू द्या, ०.७ च्या वर आला की विषय संपला. आणि सरळ थिअरीवरून कोड घ्या ना, एरिक्सनचा १९९३ चा बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा अभ्यास आहे, ध्येय, एकाग्रता, चुका दुरुस्त करणं, पुनरावृत्ती, हे चार रकाने करा आणि भरत जा.

तबल्याची_वाटी
ताई मी स्वतः तबला वाजवतो, अक्कलकोट रोडला क्लास आहे. रियाज कसा करावा विचारताय तर सांगतो, सकाळी उठून आधी धीम्या लयीत एकच कायदा घ्यायचा, तोच दुप्पट, चौपट, घाई करायची नाही, बोल स्वच्छ निघाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्या गुरुजींनी हेच शिकवलं. आता खरं विचाराल तर भजनाच्या सीझनला मी स्वतः असं करतो का, तर नाही 😄 पण बाहेरून कोणी विचारायला आलं तर हेच सांगणार ना, गुरूचं नाव आहे.

मेधा_कुलकर्णी_पुणे
तबलेवाल्या दादांनी नकळत सायलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन टाकलंय.

सायली, काकांचा उतारा परत वाच. पहिलं वाक्य "करायलाच पाहिजे", "घेऊ नये" असं आहे, आणि नंतर "ऐकलं", "चालवली", "फुंकून बघितलं". पहिलं आहे रियाजाबद्दल काय बोलायचं असतं ते, दुसरं आहे घडलेलं. दोन्ही एकाच उताऱ्यात ठेवून तू एक कोड दिलास, आणि तोही काकांच्या तक्रारीवरून. त्यांनी रियाज झाला नाही म्हटलं, तूही तसंच लिहिलंस. पण त्या गाडीत काय झालं बघ ना. ऐकून गाण्याचा आराखडा पकडला, वाद्य नसताना बोटं बसवली, अडणारी एकच जागा हेरली आणि वेळ फक्त तिच्यावर घातला. हा सराव नाही तर काय? माझ्या मते तुझ्या डेटामधली सगळ्यात चांगली जागा हीच आहे आणि तू तिला "अभाव" म्हटलंयस.

तर आधी एक काम कर, एक्सेलमध्ये अजून एक रकाना घाल आणि प्रत्येक उताऱ्याला "नियम" की "प्रसंग" एवढंच लिही. क्रियापदं बघितली की बहुतेक ठिकाणी कळतं. "मी रोज करतो" हे मात्र मधलं आहे, ते सवय सांगतंय की आदर्श, हे आजूबाजूचं वाचूनच ठरवावं लागेल. मग आधी फक्त प्रसंग नव्याने कोड कर, आणि कोड क्रियेचा दे. "अडचणी" हा कोड नाही, ती पेटी आहे, कुठलंही टाकलं तरी बसतं. आणि नियमवाले उतारे खोटे म्हणून फेकू नकोस हं, कोणाच्या नावाने, कोणासमोर तसं बोलतात हा वेगळा धागा आहे. कॉलेजातून आलेल्या मुलीला काका पहाटेचंच सांगणार.

नितीन, एरिक्सनचे रकाने इथे का तोकडे पडतील सांगते. त्या मांडणीत पैसे घेऊन वाजवणं हे काम, आणि सराव म्हणजे सुधारण्यासाठी वेगळा काढलेला वेळ. सायलीच्या लोकांचा सराव कामाच्या आतच चाललाय, तो त्या चार रकान्यांत दिसणारच नाही. एखाद-दुसरा शब्द उसना घ्यायला हरकत नाही.

आकडेमोड_नितीन
ठीक, थिअरीचं पटलं. पण कप्पा?

मेधा_कुलकर्णी_पुणे
कोडची यादी आधी पक्की करून दोघांनी तीच लावायची असेल तर कप्पाला अर्थ आहे. ब्राउन आणि क्लार्कच्या पद्धतीने, वाचता वाचता कोड घडवत जाणार असेल तर नाही, त्या दोघींनीच तसं लिहिलंय. आणि कमी वेळा येणाऱ्या कोडला तो आकडा फसवतो. समज शंभर उतारे आहेत. कोड दोघींनी लावला असे २, फक्त तू लावला असे ५, फक्त मैत्रिणीने लावला असे ५, बाकी ८८ ला कोणीच नाही. नव्वद जुळले, पण कप्पा साधारण ०.२३. मैत्रिणीला बसव जरूर, पण कुठे जुळलं नाही त्यावर भांडायला. गाइड ऐकत नसतील तर कुठली पद्धत घेतली आणि का, ते प्रबंधात आधीच स्पष्ट लिही.

सायली_सोलापूर
बाप रे, रात्री बसून केलं. प्रसंग वेगळे काढल्यावर कीबोर्डवाला दादा पण तेच करतो, गाण्याच्या कागदावर फक्त मधल्या म्युझिकचे कॉर्ड लिहितो, बाकी स्टेजवर बघू म्हणतो. तबल्याच्या साथीवाले गायकाला फोनवर विचारतात लय कुठली, कुठे थांबणार, झालं. म्हणून थीम अशी लिहिली: "सुपारीवरचे वादक अडणाऱ्या जागेपुरताच सराव करतात, बाकीचं कार्यक्रमातच पक्कं होतं."
पण सनईवाले मामा यात बसत नाहीत. ते गाणं बसवायला काहीच करत नाहीत पण रोज सकाळी लांब सूर धरतात, म्हणतात दोन दिवस सोडलं की ओठ ढिले पडतात आणि सूर खाली येतो. आणि हे ते "काल पण केलं" असं सांगतायत, म्हणजे नियम नाही, प्रसंगच. त्यांना अपवाद म्हणून सोडू का?

मेधा_कुलकर्णी_पुणे
अजिबात सोडू नकोस, त्यांच्यामुळेच थीमची हद्द कळली. गाणं बसवणं पुढे ढकलता येतं, ओठ आणि दम ढकलता येत नाही. मग प्रश्न असा की क्लॅरिनेटही फुंकायचंच वाद्य आहे, तर काका ओठांचं काय करतात? सीझनला रोजच्या वाजवण्यातच ते निभावत असेल, पण पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात तेव्हा? ट्रान्स्क्रिप्टमध्ये नसेल तर परत जाऊन तेवढंच विचार.

यल्लप्पा_जी
एक मधेच विचारतो, यातले काही लोक घरी कन्नड किंवा तेलुगू बोलत असतील ना? मुलाखत मराठीत झाली की मिसळून? मी माझ्या कामात कन्नड उतारे आधी मराठीत केले आणि मग कोड केले, त्यात कोण स्वतःबद्दल बोलतंय आणि कोण "आपल्यात असं करतात" म्हणतंय तो फरक बराच पुसला गेला असं वाटतं. मेधाताईंचा नियम-प्रसंग रकाना तर त्यावरच उभा आहे.

सायली_सोलापूर
दोन मुलाखती मिसळून आहेत, कन्नड भाग चुलतभावाने मराठी करून दिला 😐 रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तेवढे उतारे मूळ कन्नडातच कोड करायचे म्हटलं तर मला कन्नड ऐकून कळतं, वाचता येत नाही. ऐकत ऐकत कोड केलं तर चालतं का कोणाला माहितीये? आणि काकांचं नाव बदललंय, पण त्या बँडमध्ये क्लॅरिनेट एकच आहे, सोलापुरात कोणीही ओळखेल. "फुंकून वाजवायचं वाद्य, बँड" एवढंच लिहू का, की मग ओठांचा मुद्दाच सांगता येणार नाही?

मेधा_कुलकर्णी_पुणे
ऐकत कोड करायला हरकत नाही, उताऱ्याच्या जागी मिनिट-सेकंद लिही, पण "नियम" की "प्रसंग" ते भावाला विचारून पक्कं कर. नावाचं मला पण नीट सुचत नाहीये. "फुंकून वाजवायचं वाद्य" लिहिलंस तरी ओठांचा मुद्दा राहतो, फक्त गाडीतला प्रसंग त्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस, "रियाज करत नाही" असं गावात पसरलं तर सुपारीवर परिणाम होतो त्यांच्या.

तबल्याची_वाटी
होतो की. माझं वरचं पण कुठं छापू नका ताई 😄