टोल वाचवायला गेलो आणि गावं फिरून आलो

बी-३०४: काल मुंबईला जाताना मॅपने सोमाटण्याच्या अलीकडेच गाडी गावातल्या रस्त्याला घातली. बैलगाडीमागून चाललो होतो. रस्ता कुठे बंद होता का?

सी-१०२: काका, रस्ता चालू होता. तुमच्या गूगल मॅप्समध्ये `Avoid tolls` चालू राहिलंय का बघा.

बी-३०४: हरिहरेश्वरला जाताना मुलाने लावलं होतं. पण ते त्या दिवसापुरतंच ना?

सी-१०२: सेटिंगमधून लावलं की बंद करेपर्यंत राहतं. वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा, मग `Settings`, `Navigation`, खाली `Route options`. एक्सप्रेसवे सोडून जुन्या हायवेला गेलं तरी तिथे सोमाटणे आणि वरसोली हे दोन नाके आहेतच. ते दोन्ही चुकवायचे म्हणजे गावं फिरणं आलंच.

बी-३०४: म्हणजे टोल वाचला आणि डिझेल गेलं 😄

सी-१०२: एखाद्याच ट्रिपला टोल नको असेल तर रस्ता काढल्यावर सुरुवातीच्या ठिकाणाशेजारचे तीन ठिपके दाबून `Options` मध्ये लावा. तरी निघताना वेळ आणि किलोमीटर दोन्ही बघाच. वीस मिनिटांचा फरक असेल तर ठीक, दीड तासाचा असेल तर टोल भरलेला परवडतो.

ए-५०१: आम्ही शनिवारी ताम्हिणीतून हरिहरेश्वर, रविवारी केळशी. तिथे टोल नाही, मग काहीच बघायला नको ना?

सी-१०२: ताई, `Avoid ferries` बंद आहे ना बघा. बागमांडला-वेशवी फेरीबोटीत गाडी चढते, खाडी पटकन पार होते. ते चालू असेल तर मॅप आंबेत पुलावरून लांबचा फेरा दाखवेल. फेरीची शेवटची वेळ मात्र जेट्टीवरच विचारा.

ए-५०१: ताम्हिणीत रेंज जाते, त्याचं काय?

सी-१०२: घरच्या वायफायवर आधी नकाशा उतरवून ठेवा. फोटोवर टॅप, `Offline maps`, `Select your own map`. चौकटीत पुण्यापासून केळशीपर्यंतचा भाग बसवा, किती एमबी लागतील ते खालीच दिसतं. निळा ठिपका जीपीएसवर चालतो, त्याला रेंज लागत नाही. घरून रस्ता लावून निघालात तरी वळण चुकलं की नवा रस्ता शोधायला हा नकाशाच उपयोगी पडतो.

बी-३०४: मग ट्रॅफिकही दिसेल?

सी-१०२: नाही काका. रेंजशिवाय ट्रॅफिक नाही, दुसरे पर्यायी रस्ते नाहीत, चालत जायचा रस्ताही नाही, फक्त गाडीचा. दरड पडून घाट बंद झाला तरी तो नकाशा तुम्हाला तिकडेच नेईल. पावसाळ्यात निघायच्या आधी घाट चालू आहे का ते विचारून घ्यायचं. आणि उतरवलेल्या नकाशाची मुदतही संपते, त्याच यादीत तारीख दिसते. वायफाय मिळालं की बहुतेक वेळा तो आपोआप ताजा होतो.

बी-३०४: माझ्या यादीत `Expired` दिसतंय. गोव्याचा आहे, मागच्या दिवाळीचा.

ए-५०१: काका, तो पुसून टाका, जागा तरी मोकळी होईल.