वरचा ओठ बारीक, त्यात डावी बाजू खाली. लायनर कसं लावू?

मृण्मयी_धरमपेठ
मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे, वर्धा रोडच्या एका लॉनवर. माझा वरचा ओठ अगदी बारीक, अन् मधल्या कमानीचं डावं टोक उजव्यापेक्षा खाली. बर्डीवरून मरून मॅट लिपस्टिक आणि तशीच पेन्सिल आणली. ओठाबाहेरून सगळीकडे रेघ ओढली तर आई म्हणते, "काय गं, जांभळं खाऊन तोंड पुसलं नाही का?" चुकतंय काय?

संत्रा_बर्फी
मरून बरोबर आहे, गडद रंगाने ओठ उठून दिसतात. रेघ कोपऱ्यापर्यंत बाहेर नेऊ नकोस, बस.

ब्रशवाली_ताई
कोपऱ्याचं अगदी बरोबर. तिथली कातडी बोलताना हलते, रेघ लगेच उघडी पडते. पण मरूनचं नाही पटत. गडद मॅटने ओठ उठून दिसतो, पण बारीकच दिसतो.

पेन्सिल तुझ्या ओठाच्या रंगाची किंवा जेमतेम एक छटा गडद घे. टोक काढून घे, बोथट पेन्सिलने एक मिलिमीटर सांभाळता येत नाही. आणि बाहेर जायचं ते तेवढंच, तेही फक्त मधल्या भागात. तोंड सैल ठेव, ताणलेल्या ओठावर माप चुकतं. आधी उजव्या टोकावर ठिपका दे, मग त्याच उंचीला डावीकडे. फरक जास्त असला तर सगळा डावीकडे वाढवू नको. अर्धा तिकडे वाढव, अर्धा उजवीकडे रेघ आत घेऊन कमी कर. उजवीकडची उरलेली कड कन्सीलरने झाक. दोन्ही ठिपके उतरत्या रेघेने कोपऱ्यांना जोड, पण कोपऱ्यात ओठाच्या मूळ कडेवरच ये.

मग त्याच पेन्सिलने अख्खा ओठ भर. नाहीतर लिपस्टिक उडाल्यावर नुसती चौकट उरते. वरून गुलाबी-तपकिरी सॅटिन लाव, अन् मध्यभागी बोटाने फिकट छटेचा ठिपका.

खामला_कट्टा
माझा खालचा ओठ फार जाड आहे, त्याला काय करू?

ब्रशवाली_ताई
त्यावर वेगळा धागा काढ ना बाई. तुझं गणित उलटं आहे.

संत्रा_बर्फी
पण नागपूरचा मे! वरच्या ओठावर घामाचे थेंब येतात, सगळी रेघ वाहून जाते.

ब्रशवाली_ताई
हो, बाहेरची रेघ कातडीवर असते, ती आधी जाते. लिप बाम अर्धा तास आधी लावून पुसून टाक, नाहीतर पेन्सिल घसरते. शेवटी टिश्यू टिपून कडेला चिमूटभर पावडर. घाम आला तर टिपायचा, घासायचा नाही. तरी जेवणानंतर एकदा हात फिरवावाच लागेल.

मृण्मयी_धरमपेठ
आज करून पाहिलं. हातभर अंतरावरून आरशात दोन्ही टोकं सारखी दिसली, आईही काही बोलली नाही! पण हसले की डावा ओठ परत आत जातो.

ब्रशवाली_ताई
ते स्नायूंचं काम आहे, पेन्सिलचं नाही.

संत्रा_बर्फी
मग मरून रिसेप्शनला लाव, रात्री कोण बघतंय 😄